साठा आणि निचरा

मालतीबाई म्हणू या त्यांना. नाव काल्पनिक आहे. हकिगत मात्र दवाखान्यांत वारंवार दिसणाऱ्या अनेक हकिगती एकत्र करून सांगितलेली. वय बासष्ट, शाकाहारी, दहा वर्षांपासून मधुमेह. गुडघे दुखतात आणि जिना चढताना कठडा धरावा लागतो, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. ड जीवनसत्त्वाची पातळी ९ निघाली. २० च्या खाली गेली की कमतरता धरतात. चिठ्ठीवर साठ हजार एककांची पुडी लिहून मिळाली: आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दुधातून.

मधुमेहाची गोळी रोज, रक्तदाबाची रोज, कॅल्शियमची रोज आणि बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूलही रोज. त्या रांगेत ही पुडीही रोजची होऊन बसली. पहिल्या पुड्या संपल्या तशा औषधांच्या दुकानातून आणखी आणल्या. पुडीची चव गोडसर, त्यामुळे तक्रार करण्यासारखे काही नव्हते.

दोन महिन्यांनी मालतीबाईंची भूक गेली. मळमळ, बद्धकोष्ठ, न भागणारी तहान आणि रात्रीतून पाच-सहा वेळा लघवी. घरच्यांना वाटले साखर वाढली. पण साखर ठीक होती. त्या बोलता बोलता विसरू लागल्या, दिवसाही गुंगीत राहू लागल्या, तेव्हा त्यांना रुग्णालयात नेले. रक्तातले कॅल्शियम १३.८ होते, ते साधारण साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान असायला हवे. मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे क्रिएटिनिन सांगत होते. ड जीवनसत्त्वाच्या रकान्यात प्रयोगशाळेने आकडाच दिला नव्हता. तिथे फक्त ‘१५० पेक्षा जास्त’ असे छापले होते.

हिशेब सोपा आहे. आठवड्याला एक याप्रमाणे आठ पुड्या म्हणजे ४ लाख ८० हजार एकके. रोज एक याप्रमाणे छप्पन्न पुड्या म्हणजे ३३ लाख ६० हजार. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ६०० एकके धरली, तर मालतीबाईंनी दोन महिन्यांत पंधरा वर्षांची बेगमी पोटात घातली होती. आणि हे सगळे वजनाने किती? एका पुडीत दीड मिलिग्रॅम जीवनसत्त्व असते, बाकी पूड ते मिसळण्यापुरती. छप्पन्न पुड्यांचे मिळून ८४ मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही कमी.

त्याच दोन महिन्यांत त्यांनी बी-कॉम्प्लेक्सच्या छप्पन्न कॅप्सुलाही घेतल्या होत्या. त्यांतल्या ब-२ ची मात्राही रोजच्या गरजेच्या कित्येक पट असते. पण तिचा परिणाम एवढाच झाला की लघवी गडद पिवळी झाली. एकाच घरात, एकाच डब्यातून घेतलेल्या दोन औषधांनी इतके वेगळे का वागावे, हा या प्रकरणाचा विषय.

तेलाची वाट, पाण्याची वाट

तेरा जीवनसत्त्वांपैकी चार, म्हणजे अ, ड, ई आणि के, स्निग्ध पदार्थांत विरघळतात. उरलेली नऊ, म्हणजे क आणि ब गटातली आठ, पाण्यात. शाळेत हे पाठ करून घेतात आणि बहुतेकांच्या लक्षात तेवढेच राहते. खरी गंमत पुढे आहे.

पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व आतड्यातून थेट रक्तात जाते. रक्त मूत्रपिंडांतून गाळले जाताना ते पाण्याबरोबर सहज निसटते. शरीराला हवे तेवढे परत ओढून घेतले जाते आणि उरलेले लघवीवाटे बाहेर पडते. मालतीबाईंचे ब-२ असेच गेले.

स्निग्धात विरघळणाऱ्याचा प्रवास लांबचा. आधी पित्ताने चरबीचे बारीक थेंब करावे लागतात, मग त्या थेंबांबरोबर जीवनसत्त्व आतड्याच्या पेशींत शिरते आणि लसिकावाहिन्यांतून फिरून रक्तात येते. म्हणूनच पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्यायला सांगतात आणि म्हणूनच पित्तनलिका बंद पडलेल्या रुग्णात या चारही जीवनसत्त्वांची चणचण भासते. रक्तातही ती मोकळी फिरत नाहीत. वाहक प्रथिनांना किंवा चरबीच्या कणांना धरून असल्याने मूत्रपिंडाच्या गाळणीतून ती जात नाहीत. जादा माल बाहेर टाकायचा नळच नाही म्हटल्यावर तो कुठेतरी साठणार. अ जीवनसत्त्व यकृतात साठते, ड बरेचसे शरीरातल्या चरबीत.

मालतीबाईंच्या शरीरात साठलेले ड यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात रूप बदलत होते, आणि आतड्याला एकच हुकूम देत होते: कॅल्शियम ओढून घे. रोजची कॅल्शियमची गोळी त्यात भर घालत होती. हाडांतूनही कॅल्शियम सुटून रक्तात येत होते. वाढलेले कॅल्शियम मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवू देत नाही, म्हणून इतकी लघवी आणि इतकी तहान. आतड्याच्या हालचाली मंदावतात, म्हणून बद्धकोष्ठ. मेंदूवर परिणाम होतो, म्हणून गुंगी.

कॅल्शियम वाढण्याची इतरही कारणे आहेत, मग डॉक्टरांनी पुडीवरच बोट कसे ठेवले? गळ्यातल्या परावटू ग्रंथींच्या पीटीएच या संप्रेरकाची पातळी त्यांनी पाहिली. त्या ग्रंथींमुळे कॅल्शियम वाढले असते, तर ती चढलेली मिळाली असती. इथे ती तळाला होती. म्हणजे ग्रंथींनी कॅल्शियम भरपूर असल्याचे ओळखून काम थांबवले होते. वाढ बाहेरून येत होती. मग उशाजवळचा औषधांचा डबा मागवला आणि रिकाम्या पुड्यांचा गठ्ठाच हाती आला.

तेरा जीवनसत्त्वे, एक तक्ता

पुढच्या तक्त्यात ‘औषध म्हणून’ या रकान्यात कमतरता भरून काढण्यापलीकडचे उपयोगही दिले आहेत. तिथल्या मात्रा जेवणातल्या मात्रेपेक्षा फार मोठ्या असू शकतात, म्हणून ते काम डॉक्टरांचे.

| जीवनसत्त्व | कमी पडल्यास | अति झाल्यास | औषध म्हणून |
|---|---|---|---|
| स्निग्धात विरघळणारी | | | |
| अ | रातांधळेपणा, डोळ्यांत कोरडेपणा व फेसासारखे पांढुरके डाग, शेवटी अंधत्व | डोकेदुखी, उलट्या, त्वचा सोलवटणे, यकृताला इजा, गर्भात व्यंग | गोवर झालेली मुले; याचीच रूपे तीव्र मुरुमांवर व एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर |
| ड | मुलांत मुडदूस, मोठ्यांत हाडे मऊ पडणे | रक्तात कॅल्शियम वाढणे, मूत्रपिंडाला इजा | मुडदूस. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात याचे सक्रिय रूप |
| ई | तोल जाणे, मज्जातंतूंचा ऱ्हास | रक्तस्राव, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर | चरबी शोषली न जाण्याचे जन्मजात आजार |
| के | रक्त न गोठणे | नैसर्गिक रूपात जवळपास नाही. जुन्या कृत्रिम के-३ मुळे बाळांत कावीळ | जन्मतः इंजेक्शन. वॉरफरिनचा उतारा |
| पाण्यात विरघळणारी | | | |
| क | स्कर्व्ही: हिरड्यांतून रक्त, जखमा न भरणे | जुलाब, काहींना मूतखडे | स्कर्व्ही, लोहाचे शोषण वाढवण्यासाठी |
| ब-१ | बेरीबेरी. मद्यपींत मेंदूचा विकार | तोंडावाटे घेतल्यास ज्ञात नाही | मद्यपींना ग्लुकोज देण्याआधी शिरेतून |
| ब-२ | तोंडाचे कोपरे चिरणे, जीभ लाल होणे | ज्ञात नाही | अर्धशिशीचे झटके कमी करण्यासाठी |
| ब-३ | पेलाग्रा: उन्हाच्या जागी त्वचा काळवंडणे, जुलाब, भ्रम | अंग लाल होऊन आग होणे, यकृताला इजा | पेलाग्रा, पूर्वी कोलेस्टेरॉलसाठी |
| ब-५ | फार क्वचित. तळपायांची आग | जुलाब | स्वतंत्र उपयोग जवळपास नाही |
| ब-६ | रक्तक्षय, मुंग्या, तान्ह्या बाळांत झटके | हातापायांची संवेदना जाणे | क्षयाच्या आयसोनियाझिड गोळीबरोबर. गरोदरपणातली मळमळ |
| ब-७ (बायोटिन) | केस गळणे, पुरळ | थेट अपाय नाही. थायरॉइडसारख्या चाचण्या चुकू शकतात | बायोटिनचा जन्मजात दोष |
| ब-९ (फॉलिक आम्ल) | रक्तपेशी मोठ्या होऊन रक्तक्षय, गर्भाच्या मज्जारज्जूत व्यंग | ब-१२ ची कमतरता झाकली जाते | गर्भधारणेआधीपासून, मेथोट्रेक्सेटबरोबर |
| ब-१२ | रक्तक्षय, मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा | ज्ञात नाही | इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या |

‘अति झाल्यास’ हा रकाना वरून खाली वाचला, तर अ आणि ड या दोन ओळी सर्वांत वजनदार दिसतील. पण अपवादही डोळ्यांत भरतील. तेलात विरघळणारे के जवळपास निरुपद्रवी, तर पाण्यात विरघळणारे ब-६ मज्जातंतूंवर उठणारे. ते का, हे पाहण्याआधी साठ्याचा सर्वांत गाजलेला किस्सा.

यकृताची कोठी

१९१२ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचा भूगर्भशास्त्रज्ञ डग्लस मॉसन आपल्या दोन साथीदारांसह अंटार्क्टिकाच्या बर्फात शेकडो किलोमीटर आत गेला होता. १४ डिसेंबरला निनिस हा साथीदार बर्फाच्या खोल भेगेत कोसळला. त्याच्याबरोबर चांगली कुत्री आणि बहुतेक शिधाही गेला. उरलेले दोघे, मॉसन आणि स्विस गिर्यारोहक झेवियर मेर्ट्झ, एकेक कुत्रे मारून खात परत फिरले. उपाशी कुत्र्यांचे मांस चिवट. यकृत तेवढे मऊ.

काही आठवड्यांत दोघांच्या अंगाची कातडी सुटू लागली, केस गळू लागले. मेर्ट्झला पोटदुखी आणि वातभ्रम झाला आणि ८ जानेवारी १९१३ च्या पहाटे तो मरण पावला. मॉसन एकटा, सोलवटलेल्या तळपायांनी, फेब्रुवारीत तळावर पोहोचला. अ जीवनसत्त्वाचा शोध तेव्हा नुकता कुठे लागत होता. १९६९ मध्ये क्लेलंड आणि साउथकॉट या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी या लक्षणांचा अर्थ लावला: ध्रुवीय कुत्र्याच्या यकृतात अ जीवनसत्त्व इतके साठलेले असते की ते खाणाऱ्याला विषबाधा होते. उपासमारीचाही यात वाटा होता, असे काही अभ्यासक म्हणतात. पण ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाऊ नये, हे उत्तरेकडच्या शिकाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

यकृताची हीच कोठी आपल्याकडे लहान मुलांचे डोळे वाचवायला वापरतात. अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात परिचारिका ज्या बाटलीतून पिवळसर, तेलकट औषध मुलांना पाजते, तिच्याबरोबर मधोमध खूण असलेला एक लहान चमचा येतो. पूर्ण चमचा म्हणजे दोन मिलिलिटर, म्हणजे दोन लाख एकके. नवव्या महिन्यात अर्धा चमचा, मग साधारण दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी पूर्ण चमचा. असे नऊ डोस, एकूण सतरा लाख एकके. रोज थेंबभर देण्याऐवजी सहामाही डोस चालतो, कारण यकृत तो भरून ठेवते आणि पुढचे काही महिने पुरवून पुरवून खर्च करते.

डोसांत सहा महिन्यांचे अंतर का राखायचे, याचेही कारण तेच. एका मुलाला दोन ठिकाणी, थोड्याच दिवसांच्या अंतराने डोस मिळाला तर उलट्या आणि डोकेदुखी होऊ शकते. तान्ह्या बाळाची टाळू फुगते. म्हणून डोसाची तारीख कार्डावर लिहून घेणे हा औषधाचाच भाग आहे. मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे याच कुळातले. ते चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकते, म्हणून गरोदरपणात ते पूर्ण वर्ज्य.

के जीवनसत्त्व मात्र तेलात विरघळत असूनही फारसे साठत नाही. बाळ जन्मते तेव्हा तर त्याच्याकडे ते जवळपास नसतेच: वारेतून थोडेच आलेले, आईच्या दुधात थोडेच, आणि आतड्यात ते बनवणारे जिवाणू अजून वस्तीला आलेले नसतात. जन्मल्याबरोबर मांडीत दिले जाणारे एक मिलिग्रॅमचे इंजेक्शन यासाठीच. त्याने मेंदूतला रक्तस्राव टळतो.

पाण्याचे अपवाद

पाण्यात विरघळणारे म्हणजे आज खाल्ले, उद्या संपले, असाही समज आहे. १९३९ मध्ये बॉस्टनच्या जॉन क्रँडन या तरुण शल्यविशारदाने तो स्वतःवर तपासला. क जीवनसत्त्व वगळलेल्या आहारावर तो सहा महिने राहिला. रक्तद्रवातले क सुमारे सहा आठवड्यांत शून्यावर आले, तरी तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम व्यवस्थित भरली. त्वचेवर खुणा दिसायला चार महिन्यांहून जास्त काळ गेला. सहाव्या महिन्यात केलेली जखम मात्र भरेना. मग क जीवनसत्त्वाची इंजेक्शने सुरू केली आणि ती भरून आली. पेशींमधला साठा आटायला महिने लागतात.

ब-१२ तर साठ्याच्या बाबतीत तेलवाल्यांनाही मागे टाकते. यकृतात त्याचे दोन ते पाच मिलिग्रॅम असते आणि रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. तीन मिलिग्रॅमचा साठा धरला तरी तो दीड हजार दिवस, म्हणजे चार वर्षे पुरेल. म्हणून कमतरता अशी हळू येते की ती आली कधी हे कळत नाही. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध-दह्यातून थोडे मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातल्या आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांत ब-१२ कमी निघाले.

या गोष्टीला मुंबईचीही एक बाजू आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना होणारा जीवघेणा रक्तक्षय हा तिचा विषय. त्यांच्या रक्तपेशी फुगलेल्या, मोठ्या दिसत, अगदी ब-१२ च्या कमतरतेत दिसतात तशा. पण त्या आजारावर गुणकारी ठरलेला शुद्ध केलेला यकृताचा अर्क इथे चालेना. विल्सने मार्माइट, म्हणजे बिअरच्या यीस्टचा स्वस्त, खारट अर्क देऊन पाहिला आणि बायका झपाट्याने सुधारल्या. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. मार्माइटमधला तो घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणू लागले.

फॉलिक आम्ल मिळाल्यावर ते ब-१२ कमी असलेल्या रुग्णांनाही देऊन पाहिले गेले. रक्त सुधारले; मुंग्या, तोल जाणे, पायांतली ताकद कमी होणे मात्र वाढत गेले. रक्तपेशी बनवण्यात फॉलिक आम्ल ब-१२ ची उणीव तात्पुरती भरून काढते, मज्जातंतूंच्या वेष्टनासाठी नाही. म्हणून रक्तक्षयात नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या सुरू करण्याआधी ब-१२ तपासतात.

आणि ब-६. क्षयाच्या रुग्णाला आयसोनियाझिडमुळे मुंग्या येऊ नयेत म्हणून रोज दहा-वीस मिलिग्रॅम ब-६ देतात. तिथे ते मज्जातंतूंचे रक्षण करते. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ते महिनोन्‌महिने रोज दोन ते सहा ग्रॅम ब-६ घेत होते, गरजेच्या हजारपट किंवा त्याहून जास्त. पाय कुठे पडतोय हे त्यांना न पाहता कळेनासे झाले होते. गोळ्या थांबवल्यावर ते सुधारले. निचऱ्याची सोय असली तरी आवक इतकी झाली की जाता जाताही इजा होते.

मालतीबाईंच्या पायांनाही मुंग्या येत होत्या. मधुमेहच तो, म्हणून कोणी लक्ष दिले नव्हते. रुग्णालयात ब-१२ तपासले, तेही कमी निघाले. शाकाहार आणि दहा वर्षांची मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, जी ब-१२ चे शोषण घटवते, अशी दोन्ही कारणे हजर होती. म्हणजे एकाच बाईच्या शरीरात एक जीवनसत्त्व ओसंडत होते आणि दुसरे आटले होते.

ड आणि कॅल्शियम लगेच बंद केले. शिरेतून भरपूर सलाइन दिले, म्हणजे कॅल्शियम लघवीतून जावे. आतड्याने ते ओढू नये म्हणून स्टिरॉइड आणि हाडांतून सुटू नये म्हणून एक इंजेक्शन दिले. ब-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. दोन आठवड्यांत कॅल्शियम जागेवर आले आणि मालतीबाई घरी गेल्या. चार महिन्यांनी ड पुन्हा तपासले. एकही पुडी न घेता ते अजून १०० च्या वर होते. चरबीत मुरलेला साठा सावकाश रक्तात उतरत होता.